दहा मिनिटांचा वळ

पेनाचं टोपण घ्या आणि त्याच्या बोथट कडेने हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मध्ये, एक सरळ रेघ ओढा. कागदावर लिहिताना पेन जेवढं दाबतो तेवढाच जोर पुरे. दुखायला नको, कातडी सोलवटायला तर मुळीच नको. मग घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं त्या जागेकडे बघत बसा.

बहुतेकांच्या हातावर आधी एक फिकट पट्टी दिसेल, तिच्या जागी थोडी लाली येईल आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पुसलं जाईल. काही जणांच्या हातावर मात्र वेगळंच घडतं. लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना लालीचा धूसर पसारा उमटतो आणि दोन-तीन मिनिटांत ती रेघ वर उचलली जायला लागते. पाच ते दहा मिनिटांच्या दरम्यान ती सर्वांत उंच असते, डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागते. त्या जागी नाव लिहिलेलं असेल तर ते वाचता येतं. अर्ध्या तासात, फार तर तास-दीड तासात वळ ओसरतो आणि मागे काहीही उरत नाही. ना डाग, ना खपली. ह्याला डर्मोग्राफिझम म्हणतात.

एक सूचना इथेच, कारण बहुतेक पाश्चात्त्य पुस्तकांतली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, कधी अजिबात दिसत नाही. म्हणून रंग शोधू नका, उंचवटा शोधा. खोलीतला वरचा दिवा बंद करून टॉर्चचा प्रकाश हाताच्या एका बाजूने, जवळजवळ आडवा टाकला की वळाची सावली पडते. फोटोही तसाच काढावा. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डॉक्टरांना काहीच दिसत नाही, आणि ‘मला तर काही दिसत नाही’ हे वाक्य ऐकून माणूस हिरमुसून परत येतो.

साधारणपणे शंभरातल्या दोन ते पाच माणसांची कातडी अशी असते. त्यातल्या बहुतेकांना वळ येतो पण खाज येत नाही, आणि आयुष्यभर त्यांना ह्याचा काही त्रासही होत नाही. उरलेल्या थोड्यांना वळाबरोबर जबरदस्त खाज सुटते. उपचारांची गरज आहे ती ह्या दुसऱ्या गटाला. पण आधी ह्या वळाकडेच जरा नीट पाहू या, कारण रोजच्या जगण्यात काय करावं हे सगळं त्याच्या घडणीतूनच कळतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये थॉमस लुईस नावाचे डॉक्टर होते. हृदयाच्या विद्युत आलेखावरच्या कामामुळे त्यांचं नाव झालं होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ते कातडीकडे वळले. हातात एक बोथट दांडी, समोर माणसाचा हात किंवा पाठ आणि बाजूला घड्याळ, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीच्या प्रतिक्रियेचे तीन टप्पे वेगळे काढले. 1927 साली त्यांनी त्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आधी ओढलेल्या जागी लाल रेघ, मग तिच्याभोवती पसरणारी लाली, आणि शेवटी फुगवटा. आजही वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी ही त्रिविध प्रतिक्रिया लुईस यांच्याच नावाने शिकतात.

त्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली, आणि माझ्या मते ती ह्या विषयाचं मर्म आहे. पुरेशा जोराने मारलं तर वळ कुणाच्याही अंगावर उठतो. छडीचा फटका आठवा. तेव्हा डर्मोग्राफिझम असलेल्या माणसाची कातडी काही निराळं करत नाही. सगळ्यांची कातडी जे करते तेच ती करते, फक्त फार कमी जोरावर करते. तिचा उंबरठा खाली आलेला असतो.

हा उंबरठा ओलांडला की आत काय होतं? कातडीच्या वरच्या थराखाली, बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या आजूबाजूला मास्ट पेशी बसलेल्या असतात. ह्या पेशी जर्मनीतल्या पाउल एर्लिख यांनी 1878 साली आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात वर्णन केल्या, आणि तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. प्रत्येक पेशी बारीक कणांनी गच्च भरलेली दिसते. त्या कणांत हिस्टामिन असतं, हे मात्र 1953 साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी दाखवलं. लुईस यांना हे ठाऊक नव्हतं. कातडीतून हिस्टामिनसारखं काहीतरी सुटतं एवढं त्यांनी ओळखलं होतं, पण ते हिस्टामिनच आहे असं छातीठोकपणे म्हणायला ते तयार नव्हते. म्हणून त्यांनी त्याला नुसतं ‘एच-पदार्थ’ म्हटलं. पुराव्याच्या पुढे पाऊल न टाकण्याचा हा संयम मला फार मोठा वाटतो.

हिस्टामिन सुटलं की जवळच्या अगदी बारीक शिरांच्या भिंतीतल्या पेशी आक्रसतात, त्यांच्यात फटी पडतात आणि रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपतो. लाल पेशी आतच राहतात, द्रव तेवढा बाहेर येतो. तोच फुगवटा. आत द्रव साचल्यामुळे बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून वळाचा मधला भाग कधीकधी आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट दिसतो. पुढे हिस्टामिन मोडून जातं, वाहून जातं, फटी मिटतात आणि साचलेला द्रव शोषला जातो. ह्या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. वळ डाग न ठेवता जातो तो ह्यामुळेच: कातडीत काही मोडलेलं नसतं, काही सांडलेलं असतं आणि ते पुन्हा उचललं जातं.

आजूबाजूला पसरणाऱ्या लालीची गोष्ट ह्याहून नवलाची आहे. ती जागा तर आपण खाजवलेलीही नसते, मग तिथे लाली का? हिस्टामिनमुळे खाजेचा बारीक मज्जातंतू जागा होतो आणि त्याचा संदेश मज्जारज्जूकडे निघतो. पण त्या तंतूला कातडीतच अनेक फाटे असतात. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाडीचे काही डबे कर्जतला सुटून खोपोलीच्या फाट्याला लागावेत, तसा तो संदेश वाटेतच दुसऱ्या फाट्यावरून परत कातडीकडे येतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतो. मेंदूला विचारलेलं नसतं, मज्जारज्जूलाही नाही. ह्याची परीक्षा अशी: मज्जातंतू वरच्या बाजूला कापला तरी पहिले काही दिवस लाली पसरतच राहते, कारण फाटे अजून जिवंत असतात. पुढे खालचा तंतू मरून गेला की लाली बंद होते. फुगवटा मात्र तेव्हाही येतो, कारण त्याला मज्जातंतू लागतच नाही.

ह्या एवढ्या फरकाचा उपयोग कुष्ठरोगाच्या निदानात केला गेला. संशयास्पद फिकट चट्ट्यावर आणि शेजारच्या निरोगी कातडीवर हिस्टामिनच्या द्रावणाचा एकेक थेंब ठेवून सुईने हलकंच टोचायचं. निरोगी कातडीवर फुगवटा आणि भोवती लाली, दोन्ही येतात. कुष्ठरोगाने तंतू खाल्ले असतील तर चट्ट्यावर फुगवटा येतो, लाली येत नाही. लहान मुलाला ‘इथे बधिर वाटतं का’ असं विचारून खात्रीचं उत्तर मिळत नाही. तिथे कातडीलाच विचारता येतं. गडद कातडीवर लाली वाचणं अवघड, ही ह्या चाचणीची मर्यादा.

आता मूळ प्रश्न: काहींचा उंबरठा खाली का येतो? 1973 साली अमेरिकेत न्यूकम आणि नेल्सन यांनी डर्मोग्राफिझम असलेल्या काही रुग्णांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्याच्या कातडीत थोडासा टोचला. नंतर त्या जागेवर रेघ ओढली तर तिथे वळ उठला. म्हणजे हा गुण रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत नेता येत होता. त्यामागे आयजीई नावाचं प्रतिद्रव्य होतं, तेच जे ॲलर्जीतही मास्ट पेशींवर चिकटून बसलेलं असतं. सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत हे साधलं नाही. पण त्यानंतर कित्येक दशकांनी आयजीईला रक्तात पकडून ठेवणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन गोळ्यांना न जुमानणाऱ्या डर्मोग्राफिझमवर तपासलं गेलं आणि अनेकांना त्याने आराम पडला, तेव्हा त्या जुन्या प्रयोगाला बळ मिळालं.

मास्ट पेशीला स्पर्श थेट कळू शकतो याचा पुरावा एका चुलत आजारात सापडला. काही कुटुंबांत टाळ्या वाजवल्या, टॉवेलने पाठ घासली किंवा खडबडीत रस्त्यावरून बस गेली की कंप बसलेल्या जागी वळ उठतात. 2016 साली लेबनॉनमधल्या अशा कुटुंबांत एका जनुकातला बदल सापडला. त्या जनुकापासून मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर दोन तुकड्यांचं एक प्रथिन बनतं. ह्या लोकांत ते तुकडे सैलसर जोडलेले असतात, कंपाने सुटतात आणि पेशी आपला माल बाहेर टाकते. डर्मोग्राफिझम हा त्याहून वेगळा आणि बहुधा आनुवंशिक नसलेला प्रकार आहे. काहींना तो खरजेच्या साथीनंतर सुरू होतो, काहींना एखाद्या औषधाच्या प्रतिक्रियेनंतर, आणि बऱ्याच जणांत कारण हाती लागतच नाही.

ह्या कातडीने माणसांना, विशेषतः बायकांना, एकेकाळी फार सोसायला लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डर्मोग्राफिझमला उन्मादाचं लक्षण मानलं जाई. डॉक्टर रुग्ण स्त्रियांच्या पाठीवर बोथट टोकाने शब्द लिहीत आणि अक्षरं फुगून आली की फोटो काढत. 1904 साली त्या रुग्णालयाच्या नियतकालिकात छापलेल्या एका फोटोत एका स्त्रीच्या पाठीवर तिच्याच मानसिक आजाराचं नाव लिहिलेलं आहे. तो फोटो पाहून मला आजही चीड येते. तिच्या मास्ट पेशींचा तिच्या मनाच्या आजाराशी काही संबंध नव्हता. आपल्या काळात अमेरिकेतल्या एरियाना पेज रसेल या चित्रकर्तीने हीच कातडी स्वतःच्या हातात घेतली. ती आपल्या अंगावर नक्षी रेखते, वळ उठेपर्यंत थांबते आणि ते विरायच्या आत फोटो काढते. कातडी तीच, पण रेघ कुणी ओढायची हे आता ती ठरवते.

हा सगळा प्रकार घरात आला की काय होतं, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, नाशिकमधली तिशीतली एक शिक्षिका आहे. सात-आठ महिन्यांपासून तिला संध्याकाळी घरी आल्यावर कमरेभोवती, खांद्यावर आणि दंडावर खाज सुटते. खाजवलं की लांब लांब वळ उठतात आणि आणखी खाज येते. घरातली मोठी माणसं म्हणतात, अंगावर पित्त उठलंय. सासूबाई आमसुलाचा कोळ लावतात. अर्ध्या तासात वळ जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वांगी बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद, मासळी बंद. वजन उतरतं, खाज तशीच.

आमसुलाच्या कोळाबद्दल मला नितांत आपुलकी आहे. थंडगार कोळाने खाजेला घटकाभर आराम पडतो, हेही खरं. पण वळ जातो तो त्याच्या ठरल्या वेळी, लावलं तरी आणि न लावलं तरी. उलट कोळ चोळून लावला तर त्या चोळण्यानेच नवे वळ उठतात. लावायचाच तर थेंबथेंब, न घासता.

पुढे कुणीतरी तिला ॲलर्जीची तपासणी सुचवतं. हातावर वीस थेंबांच्या दोन रांगा, प्रत्येक थेंबातून एक बारीक टोचणी. पंधरा मिनिटांनी सगळ्या जागा फुगलेल्या. धूळ, झुरळ, गहू, दूध, कोळंबी, सगळ्याची ‘ॲलर्जी’! इथे जाणत्या डॉक्टरांची नजर आधी कुठे जाते? ज्या टोचणीत नुसतं मिठाचं पाणी होतं तिथे. तीही फुगली असेल तर ह्या कातडीला सुई टोचल्याचाच वळ आला आहे, आणि बाकीच्या रांगा वाचण्यात अर्थ नाही. मिठाच्या पाण्याची जागा न पाहता हातात दिलेली लांबलचक पथ्यांची यादी एखाद्या कुटुंबाचं ताट वर्षानुवर्षं उजाड करू शकते. म्हणून अशी तपासणी करून घेण्याआधी ‘खाजवलं की मला वळ उठतात’ हे सांगायलाच हवं. रक्तातून होणाऱ्या तपासणीत सुईचा हा गोंधळ नसतो, पण रक्तात आयजीई सापडलं म्हणजे तो पदार्थ खाऊन त्रास होतोच असं नाही. जो पदार्थ ती इतकी वर्षं विनातक्रार खात आली, तो त्या कागदाच्या जोरावर बंद करू नये.

खरं निदान त्याहून फार सोपं आहे. तिने सांगितलेल्या गोष्टीत उत्तर आधीच होतं: कमर म्हणजे परकराची नाडी, खांदा म्हणजे बॅगेचा पट्टा, दंड म्हणजे ब्लाउजची घट्ट बाही. वळ तिथेच उठतात जिथे काहीतरी घासतं. डॉक्टर पाठीवर किंवा हातावर एक रेघ ओढतात आणि दहा मिनिटं थांबतात. काही ठिकाणी ह्यासाठी स्प्रिंग बसवलेली पेनासारखी दांडी असते, जिचा दाब ठरवता येतो. काही ठिकाणी वेगवेगळ्या लांबीचे चार दाते असलेली प्लास्टिकची छोटी फणी. सर्वांत लांब दाता सर्वांत जास्त दाबतो. चारही दात्यांचे वळ उठून खाज आली तर उंबरठा फार खाली आहे, एकाचाच उठला तर तितका नाही. औषध सुरू झाल्यावर हीच फणी पुन्हा ओढली की फरक मोजता येतो. अट एकच: चाचणीच्या आधी निदान तीन दिवस अँटिहिस्टामिन गोळी घेतलेली नसावी. घरी गोळी खाऊन गेलेल्या माणसाच्या पाठीवर वळ येत नाही आणि निदान हुकतं. इतर काही लक्षणं नसतील तर रक्ताच्या तपासण्यांची लांब यादी करायची गरज नसते.

उपचारात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो गोळीच्या वेळेचा. लोक वळ उठला की सेटिरिझिन घेतात. आता घड्याळ बघा: गोळीचा परिणाम जाणवायला साधारण तास लागतो, वळ अर्ध्या-पाऊण तासात आपोआप जातो. गोळी कामाला लागते तेव्हा वळ गेलेला असतो आणि श्रेय तिला मिळतं. ही गोळी सुटलेलं हिस्टामिन गोळा करत नाही; हिस्टामिन जिथे जाऊन बसतं ती जागा ती आधीच अडवून ठेवते. म्हणून ती वळाच्या आधी अंगात असावी लागते, रोज, ठरलेल्या वेळी, वळ असो वा नसो.

आपल्या शिक्षिकेला डॉक्टरांनी सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री दिली, असं धरू. खाज निम्मी झाली, पण बॅगेच्या पट्ट्याखाली अजून वळ येतातच. दोन ते चार आठवडे वाट पाहूनही एवढंच असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. आंतरराष्ट्रीय उपचारपद्धतीत दुसऱ्या पिढीच्या अँटिहिस्टामिनची मात्रा नेहमीच्या चौपटीपर्यंत नेता येते. पण हे स्वतःच्या मनाने करायचं नाही; मूत्रपिंडाचा त्रास, गर्भारपण, दुसरी औषधं हे सगळं बघावं लागतं. सेटिरिझिनने तिला सकाळच्या तासाला पेंग येत असेल तर फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन हा पर्याय असतो. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही, ते पाण्याबरोबरच घ्यावं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन झोप आणतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना धोका होतो, म्हणून रोजच्या वापराला ते नको. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी वळ दबले तरी वर्षानुवर्षांच्या ह्या तक्रारीसाठी त्या घेत राहणं परवडणारं नाही, आणि मलमं चोळून तर उलटच होतं. गोळ्या पुऱ्या वाढवूनही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचा विचार तज्ज्ञ डॉक्टर करतात. ते महाग आहे, पण रात्र रात्र खाजवत जागणाऱ्यासाठी ते असतं हे माहीत असावं.

गोळीबरोबरच दिवसभरातलं घासणं कमी करायचं. परकराची सुतळीसारखी बारीक नाडी काढून दोन बोटं रुंद, मऊ पट्टी घातली की तेवढाच ताण जास्त जागेवर वाटला जातो आणि प्रत्येक ठिकाणचा दाब उंबरठ्याखाली राहतो. खांद्याच्या बॅगेचा पट्टा रुंद हवा. दोन्ही खांद्यांवर घ्यायची बॅग त्याहून बरी. शिवणीचं जाड टोक आणि गळ्यामागचं लेबल कापून टाकावं. अंघोळीला वजरी किंवा घासणी नको, पाणी कोमट हवं आणि टॉवेल अंगावर ओढायचा नाही, त्याने टिपायचं. गरम पाण्याने अनेकांची कातडी अधिक चिडते, उन्हाळ्यात भरगच्च लोकलमध्ये घाम आणि घासणं एकत्र आलं की जास्तच. हिवाळ्यात कोरडी पडलेली कातडी आधीच खाजते आणि तिथून वर्तुळ सुरू होतं: खाज, खाजवणं, वळ, पुन्हा खाज. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा बिनवासाचं क्रीम तळहाताने हलकेच टेकवून लावलं की हे वर्तुळ सुरुवातीलाच तुटतं.

खाज सुटलीच तर नखं लावायची नाहीत. गार पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं काढायची; घड्याळ आपल्या बाजूने आहे. ज्यांना गारव्यानेच गांधी उठतात त्यांनी हे करू नये. भुवयांचं थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढी केल्यावर वळ उठणं ह्या कातडीत स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशी लग्न असेल तर घाबरायचं कारण नाही, ते तासाभरात जाईल. लहान मुलाच्या पाठीवर असे वळ दिसले तर कुणी मारलं का अशी शंका शाळेत येऊ शकते. ती यावीही, मुलांची काळजी घ्यायची तर ती शंका हवीच. पण माराच्या वळाची निळसर खूण दिवस दिवस राहते, हा वळ मधली सुट्टी संपेपर्यंत विरतो. अशा मुलाच्या पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी आधीच वर्गशिक्षकांकडे द्यावी.

वेळेचं हे गणित बिघडलं की मात्र दुसरा आजार शोधायला हवा. तीच एक गांध चोवीस तासांहून अधिक टिकली, दुखली, जाताना काळपट-निळसर डाग ठेवून गेली आणि सोबत ताप किंवा सांधेदुखी असली, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि कातडीचा तुकडा तपासावा लागतो. जड पिशवी उचलल्यावर चार-सहा तासांनी तळहात खोलवर सुजला आणि ती सूज दिवसभर राहिली, तर तो उशिरा येणारा दाबाचा प्रकार, त्याचे उपचार थोडे वेगळे. मुलाच्या अंगावर कायमचे तपकिरी ठिपके आहेत आणि चोळल्यावर फक्त तेच फुगतात, तर मास्ट पेशी तिथे जास्त जमल्या आहेत का हे पाहावं लागतं. आणि ओठ, जीभ सुजणं, श्वास कोंडणं, चक्कर येणं हे डर्मोग्राफिझमचं काम नव्हे. तिथे एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठायचं.

हा त्रास बहुतेकांचा कधी ना कधी संपतो, पण सावकाश; काही वर्षं धरून चालावं. बराच काळ वळ नसेल तर डॉक्टर गोळी कमी करून पाहतात. तिथे एक अडचण अलीकडेच नीट नोंदवली गेली आहे. सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केलं, तर काहींना पुढच्या काही दिवसांत अंगभर भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने 2025 साली त्याबद्दल इशारा दिला. माणसाला वाटतं, आजार परतला. फरक ओळखायला रेघ पुरते. गोळी सोडून तीन-चार दिवस झाले आहेत, खाज अनावर आहे, पण हातावर ओढलेली रेघ दहा मिनिटांनीही फुगत नाही, तर ही खाज बहुधा गोळी सोडल्याची आहे. अशा वेळी डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करून ती थोडी थोडी, कित्येक आठवड्यांत उतरवतात. रेघ फुगली, तर उंबरठा अजून खालीच आहे, आणि गोळी आणखी काही महिने लागणार आहे.